‘रिपोर्ट चुकतोय, लवकर बघा’ एवढ्याने बग सापडत नाही

सॉफ्टवेअरच्या सपोर्ट नंबरवर आपल्याकडून जाणारे बहुतेक मेसेज एका ओळीचे असतात. "सर, रिपोर्ट चुकतोय, लवकर बघा." सोबत मोबाइलने तिरका काढलेला स्क्रीनचा फोटो, त्यात ट्यूबलाइटचा उजेड आणि अर्धं बोट. पुण्यातला डेव्हलपर अकरा वाजता ऑफिसला येतो, मेसेज वाचतो, स्वतः एक एंट्री करून बघतो. सगळं बरोबर येतं. तो उत्तर टाकतो, "इथे बरोबर दिसतंय, पुन्हा चेक करा." इकडे मुनीम वैतागतो, कारण त्याच्यासमोर चुकीचा आकडा ढळढळीत दिसतो आहे. चार दिवसांनी पुन्हा तोच मेसेज जातो आणि पुन्हा तेच उत्तर येतं.

यात खोटं कुणीच बोलत नाही. मुनिमाकडे चूक होते आणि डेव्हलपरकडे होत नाही, दोन्ही खरं आहे. दोघांच्या परिस्थितीत काहीतरी फरक आहे आणि तो कुणी लिहून काढलेला नाही, एवढाच घोळ. बग म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, आणि बग रिपोर्ट म्हणजे हा फरक लिहून काढण्याची रीत. त्यात चार गोष्टी लागतात: चूक पुन्हा घडवून बघण्याच्या पायऱ्या, काय यायला हवं होतं, प्रत्यक्षात काय आलं आणि त्यामुळे धंद्याचं काय नुकसान होतं. यातली पहिली सगळ्यात अवघड, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवू.

उदाहरणासाठी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याची एक केळीची पेढी घेऊ. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण बग अगदी खऱ्यातला आहे. या जातीचा बग भारतात बनलेल्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये निघतो.

पेढीचं काम असं चालतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, त्यामुळे कटाई आणि गाडी भरणं जमेल तितकं रात्री-पहाटे उरकतात. गाडी काट्यावर येते, वजन होतं, मुनीम कॉम्प्युटरवर शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाचं बिल करतो. केळीचा भाव बहुतेक रोज हलतो. मालक आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा भाव ‘रोजचा भाव’ या पानावर टाकून ठेवतो. पट्टी उघडली की त्या दिवसाची तारीख आपोआप भरली जाते आणि त्या तारखेचा भाव आपोआप लागतो. मुनिमाने फक्त शेतकऱ्याचं नाव आणि वजन टाकायचं.

तक्रार सुरू झाली ती मालकाकडून. रात्री नऊला त्यांनी दिवसाचा रिपोर्ट छापला, त्यात ११ गाड्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच रिपोर्ट, तीच तारीख, पुन्हा उघडला तर १४ गाड्या. रात्रीतून कालचा रिपोर्ट बदलला कसा? अशा वेळी पहिला संशय माणसावर जातो, सॉफ्टवेअरवर नाही. मुनिमाला दोन दिवस तिरकस बोलणी खावी लागली. बग रिपोर्ट नीट नसला की त्याची किंमत कधीकधी अशीही मोजावी लागते, आणि ती कुठल्याच खात्यात दिसत नाही.

आता मुनिमाला विचारलं, कधी होतं हे? तर उत्तर येणार, "भाऊ, कधीकधी होतं." या ‘कधीकधी’ला डेव्हलपर सगळ्यात जास्त घाबरतात. कॉम्प्युटर मूडनुसार चुकत नाही. तीच परिस्थिती दिली तर तो बहुतेक वेळा तीच चूक पुन्हा करतो. ‘कधीकधी’चा अर्थ एवढाच की परिस्थितीतली नेमकी कोणती गोष्ट चुकीला कारण होते, ते अजून आपल्याला कळलेलं नाही.

ती शोधायला सॉफ्टवेअरचं ज्ञान लागत नाही, वही लागते. चुकलेल्या पट्ट्या एका बाजूला आणि बरोबर आलेल्या पट्ट्या दुसऱ्या बाजूला लिहायच्या. दुसरी बाजू बहुतेक जण लिहीतच नाहीत. नुसत्या चुकलेल्या पट्ट्या बघितल्या की त्यातल्या सारख्या वाटणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर संशय येतो. एकजण म्हणेल, चुकलेल्या पट्ट्या सगळ्या रावेरकडच्या शेतकऱ्यांच्या आहेत. दुसरा म्हणेल, वजन साठ क्विंटलच्या वर गेलं की होतं. तिसरा नेटवर ढकलेल. नेट हे आपल्याकडे कुठल्याही दुखण्याचं सोयीचं कारण आहे. बरोबर आलेल्या पट्ट्या शेजारी लिहिल्या की यातले बरेच संशय आपोआप गळतात. रावेरच्याच शेतकऱ्याची दुपारची पट्टी बरोबर आहे. सत्तर क्विंटलची संध्याकाळची पट्टीही बरोबर आहे. नेट तर दिवसभर सारखंच रडतं.

वहीत प्रत्येक पट्टीपुढे पाच गोष्टी लिहिल्या: पट्टी नंबर, कुणी केली, कोणत्या कॉम्प्युटरवर, किती वाजता आणि वजन. वेळ काटा-पावतीवर छापलेली असते, म्हणून ती आठवणीवर सोडावी लागली नाही. दोन दिवसांत चित्र असं दिसलं: चुकलेल्या पट्ट्या पहाटे ३:४०, ४:५०, ५:१० आणि ५:२५ च्या. बरोबर आलेल्या ५:४५, ६:२०, ११:०० आणि रात्री ११:५० च्या. माणूस बदलला तरी, कॉम्प्युटर बदलला तरी तेच. म्हणजे प्रश्न वेळेचा आहे.

इथे थांबलं तरी चालेल, पण एक पाऊल पुढे गेलं तर डेव्हलपरचा दिवस वाचतो. ५:२५ ला चुकतं आणि ५:४५ ला बरोबर येतं, म्हणजे सीमा मधेच कुठेतरी आहे. दुसऱ्या पहाटे मुनिमाने सॉफ्टवेअरमधल्या सरावाच्या डेमो पेढीत एक पट्टी ५:२९ ला केली आणि एक ५:३१ ला. पहिलीवर आदल्या दिवसाची तारीख आली, दुसरीवर त्या दिवसाची. बाकी सगळं तेच ठेवून फक्त एक गोष्ट बदलायची, ही युक्ती कुठल्याही बगला चालते. दोन गोष्टी एकदम बदलल्या की निकाल बदलूनही काही कळत नाही.

आणखी एक गोष्ट वहीतूनच कळली. पहाटेची प्रत्येक पट्टी आदल्या तारखेत जात होती, पण प्रत्येक पट्टीची रक्कम चुकत नव्हती. कालचा आणि आजचा भाव सारखा असेल त्या दिवशी पैसे बरोबरच निघायचे. म्हणून चूक इतके दिवस लपून राहिली. मुनिमाला ती ‘कधीकधी’ वाटत होती, कारण तो रक्कम बघत होता, तारीख बघत नव्हता. पहाटे पाचला बाहेर तीन गाड्या उभ्या असताना आपोआप भरलेली तारीख कोण वाचत बसणार?

आता पायऱ्या लिहायच्या. पायऱ्या अशा लिहाव्यात की पेढी कधी न पाहिलेल्या माणसालाही नुसतं वाचून तीच चूक घडवता आली पाहिजे. आपल्या बगमध्ये पंचाईत अशी की चूक पहाटे होते आणि डेव्हलपर अकराला येतो. त्याला पहाटे उठायला सांगणं शक्य नाही, पण कॉम्प्युटरचं घड्याळ मागे नेता येतं. मात्र हा प्रयोग चालू पेढीच्या कॉम्प्युटरवर करू नका. खऱ्या पट्ट्यांत खोट्या वेळा घुसल्या तर नवीनच निस्तरावं लागेल. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सरावासाठी डेमो कंपनी असते, ती वापरा. आणि घड्याळाची फक्त वेळ बदला, तारीख तीच ठेवा. तारीख फार लांब नेली तर ब्राउझर साइट सुरक्षित नसल्याचं सांगून ती उघडतच नाही.

पायऱ्यांमध्ये ‘१२ मे’ आणि ‘१३ मे’ असं लिहिण्याऐवजी ‘काल’ आणि ‘आज’ लिहिलं तर आणखी बरं. डेव्हलपर रिपोर्ट चार दिवसांनी उघडेल, तेव्हाही पायऱ्या जशाच्या तशा चालतील. आणि ज्या गोष्टीला हात लावायचा नाही, तीही लिहायची. आपल्या बगमध्ये तारीख हाताने भरली तर सगळं बरोबर येतं, आपोआप भरली तरच चुकतं. काही डेव्हलपरांना तपासताना प्रत्येक रकाना हाताने भरायची सवय असते. ‘तारखेच्या रकान्याला हात लावू नका’ ही ओळ नसेल तर चूक त्यांना दिसणारच नाही आणि तुमचा रिपोर्ट बंद होईल.

‘काय यायला हवं होतं’ हा भाग लोक एका ओळीत उरकतात: ‘बरोबर तारीख यायला हवी.’ बरोबर म्हणजे कोणती? आपल्याला हा प्रश्न बावळटपणाचा वाटतो, पण डेव्हलपरच्या जागी बसून बघा. गाडी रात्री दहाला भरायला लागली, पहाटे पाचला काट्यावर आली. तो माल कालचा की आजचा? काही ठिकाणी रात्रपाळीचा सगळा माल आदल्या दिवसातच धरतात. तसा नियम असेल तर सॉफ्टवेअर करतंय ते बरोबरच आहे आणि हा बगच नाही. डेव्हलपर पेढीत कधी आलेला नाही. त्याने ‘असं मुद्दाम केलं असेल’ असं समजून रिपोर्ट परत पाठवला, तर दोष पूर्ण त्याचा म्हणता येणार नाही.

म्हणून अपेक्षित निकालात आकड्याबरोबर नियमही लिहायचा, आणि तो नियम कुठून आला तेही. या पेढीचा नियम असा: काट्यावर वजन झालं ती तारीख, आणि रात्री बारानंतर तारीख बदलते. शेतकऱ्याला भाव याच हिशोबाने सांगितलेला असतो आणि काटा-पावतीवरही तीच तारीख छापलेली असते. पावतीवर १३ तारीख आणि पट्टीवर १२ तारीख, हे दोन कागद शेजारी ठेवले की वाद उरत नाही. नियम लिहिताना जर लक्षात आलं की मालक एक सांगतात आणि मुनीम दुसरंच धरून चालतो, तर आधी ते घरात मिटवा, मग रिपोर्ट पाठवा.

‘प्रत्यक्षात काय आलं’ हा भाग त्या मानाने सोपा. जे दिसलं ते लिहायचं, त्याचा अर्थ लावायचा नाही. ‘तारीख गंडली’, ‘हिशोब हँग झाला’ असे शब्द नकोत. स्क्रीनवर काही संदेश आला असेल तर तो अक्षर न बदलता उतरवायचा. संदेश आला नसेल तर ‘कोणताही संदेश आला नाही, पट्टी नेहमीसारखी सेव्ह झाली’ असं लिहायचं. गुपचूप चुकणारं सॉफ्टवेअर ओरडून चुकणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचं, हे डेव्हलपरला माहीत असतं. कारणाचा अंदाज असेल तर तो शेवटी ‘अंदाज’ असं म्हणून वेगळा लिहा. वर शीर्षकातच ‘सर्व्हर खराब आहे’ लिहिलं तर समोरचा माणूस दोन तास सर्व्हर तपासेल.

स्क्रीनशॉट पूर्ण स्क्रीनचा घ्या, खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळासह. या बगमध्ये तर ते घड्याळ हाच पुरावा आहे. शेतकऱ्याचा मोबाइल आणि बँक खात्याचा नंबर मात्र झाकून पाठवा.

उरला धंद्यावरचा परिणाम. इथे ‘खूप नुकसान होतंय, अर्जंट’ असं लिहायचा मोह होतो. डेव्हलपरच्या यादीत अशी चाळीस कामं असतात आणि चाळीसही अर्जंट असतात. कोणतं आधी घ्यायचं हे ठरवणाऱ्याला मोजता येईल असं काहीतरी लागतं: किती पट्ट्यांना लागलं, किती रुपये, कुणाचे आणि तात्पुरता मार्ग आहे की नाही.

एका पट्टीचा हिशोब करून बघू. निव्वळ वजन ६२.४० क्विंटल. १२ तारखेचा भाव १,४५० रुपये, १३ चा १,६०० रुपये. पट्टी १३ च्या पहाटे ४:५० ची. पट्टीवर आले ६२.४० गुणिले १,४५०, म्हणजे ९०,४८० रुपये. यायला हवे होते ९९,८४० रुपये. एका शेतकऱ्याला एका गाडीमागे ९,३६० रुपये कमी गेले. भाव उतरला असता तर उलटं झालं असतं, पेढीचे पैसे जास्त गेले असते.

या दोन्ही बाजू वेगळ्या मोजायच्या. समजा १ ते १३ मे या काळात पहाटेच्या ३१ पट्ट्या झाल्या, त्यातल्या १९ पट्ट्यांचा भाव चुकला. काही शेतकऱ्यांना मिळून ८७,५०० रुपये कमी गेले आणि काहींना मिळून ३४,२०० रुपये जास्त गेले. वजाबाकी करून ‘५३,३०० रुपयांचा फरक’ लिहिलं तर हिशोब म्हणून बरोबर असेल, पण परिणाम म्हणून तो आकडा फसवा आहे. ज्याला कमी मिळाले त्याला दुसऱ्याला जास्त गेल्याचं काय समाधान? तो पट्टी घेऊन दारात येणार. भरीला ही चूक महिन्याच्या एक तारखेला पहाटे झाली तर पट्टी आदल्या महिन्यात जाते, आणि १ एप्रिलच्या पहाटे झाली तर सरळ जुन्या आर्थिक वर्षात. हे घडलं नसलं तरी लिहावं, कारण पैशांच्या आकड्यापेक्षा या एका ओळीने डेव्हलपरचा साहेब जास्त लवकर जागा होतो.

तात्पुरता मार्ग असेल तर तो लपवू नका. लोकांना वाटतं, मार्ग आहे म्हटलं की काम मागे टाकतील. टाकतीलही थोडं, पण मार्ग आहे हे नंतर कळलं तर पुढच्या वेळी तुमच्या ‘अर्जंट’वर कुणी विश्वास ठेवत नाही. मार्ग आहे असं लिहा आणि तो कुठे तोकडा पडतो तेही लिहा. शिवाय ‘हाताने तारीख बदलली की बरोबर येतं’ या माहितीतून डेव्हलपरला कारणाचाही माग लागतो.

हे सगळं जमवलं की रिपोर्ट असा होतो:

शीर्षक: पहाटे ५:३० च्या आधी केलेल्या पट्टीवर आपोआप आदल्या दिवसाची तारीख आणि भाव लागतो

कुठे: ‘नवीन पट्टी’ पान. विंडोज ११, क्रोम ब्राउझर. दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर आणि दोन वेगळ्या लॉगिनने तपासलं, दोन्हीकडे होतं.

पायऱ्या:
१. डेमो पेढीत मालकाच्या लॉगिनने ‘रोजचा भाव’ उघडा. कालच्या तारखेला १,४५० आणि आजच्या तारखेला १,६०० टाकून सेव्ह करा.
२. मुनिमाच्या लॉगिनने आत जा.
३. कॉम्प्युटरची वेळ पहाटे ४:५० करा. तारीख आजचीच आणि टाइमझोन भारताचाच राहू द्या.
४. पान रिफ्रेश करून ‘नवीन पट्टी’ उघडा. तारखेच्या रकान्याला हात लावू नका.
५. कोणताही शेतकरी निवडा, निव्वळ वजन ६२.४० क्विंटल टाका, सेव्ह करा.
६. सेव्ह झालेली पट्टी उघडून तारीख, भाव आणि रक्कम बघा.

काय यायला हवं: आजची तारीख, भाव १,६००, रक्कम ९९,८४०. पेढीचा नियम: काट्यावर वजन झालं ती तारीख, रात्री १२ नंतर तारीख बदलते.

काय येतं: कालची तारीख, भाव १,४५०, रक्कम ९०,४८०. कोणताही संदेश येत नाही. दर वेळी होतं. ५:२९ ला चुकतं, ५:३१ ला बरोबर येतं. तारीख हाताने बदलली तर बरोबर येतं.

परिणाम: १ ते १३ मे, पहाटेच्या ३१ पट्ट्यांपैकी १९ चा भाव चुकला. शेतकऱ्यांना कमी गेले ८७,५०० रुपये, जास्त गेले ३४,२०० रुपये. आदल्या दिवसाचा छापलेला रिपोर्ट दुसऱ्या दिवशी जुळत नाही. १ एप्रिलच्या पहाटेची पट्टी जुन्या आर्थिक वर्षात जाईल. कटाईचा हंगाम चालू आहे, रोज पहाटे गाड्या आहेत.

तात्पुरता मार्ग: मुनिमाने तारीख हाताने बदलायची. गर्दीत विसरली जाते.

सोबत: घड्याळासह स्क्रीनशॉट, एकाच गाडीची काटा-पावती आणि पट्टी, १९ पट्ट्यांची यादी.

शीर्षकात काय होतं हे तर आहेच, पण कधी होतं हेही आहे. ‘पट्टीत प्रॉब्लेम’ असं शीर्षक असतं तर महिन्याभराने हाच बग दुसऱ्या पेढीने कळवल्यावर आधीचा रिपोर्ट शोधूनही सापडला नसता.

डेव्हलपरने शीर्षकातले ‘५:३०’ वाचताच त्याच्या डोक्यात दिवा लागतो. भारताची वेळ जागतिक प्रमाण वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. इथे १३ तारखेचे पहाटेचे ४:५० वाजतात तेव्हा जागतिक वेळेत अजून १२ तारीखच असते, रात्रीचे ११:२०. पानावर आजची तारीख भरणारी ओळ बहुधा अशी असते:

```js
new Date().toISOString().slice(0, 10)
```

ही ओळ कॉम्प्युटरची वेळ आधी जागतिक वेळेत नेते आणि मग तिच्यातली तारीख कापून घेते. १३ मे २०२५ च्या पहाटे ४:५० ला मधला टप्पा असा दिसतो:

```
2025-05-12T23:20:00.000Z
```

यातली पहिली दहा अक्षरं उचलली की १२ मे मिळतो. पहाटे साडेपाचनंतर दोन्हीकडची तारीख एकच असते, म्हणून दिवसभर ही ओळ शहाण्यासारखी वागते आणि अकराला ऑफिसात येणाऱ्या कुणालाच तिचा संशय येत नाही. मुनिमाला यातलं काही माहीत असायची गरज नव्हती. त्याने ५:२९ आणि ५:३१ हे दोन आकडे दिले, तेवढ्यावर काम झालं.

तरीही ‘आमच्याकडे होत नाही’ असं उत्तर आलं तर चिडून तोच रिपोर्ट पुन्हा पाठवू नका. एकच प्रश्न विचारा: कितव्या पायरीला तुमच्याकडे वेगळं दिसलं? बऱ्याचदा त्याचा कॉम्प्युटर जागतिक वेळेवर लावलेला असतो किंवा त्याने तारीख हाताने भरलेली असते. पायऱ्यांना नंबर दिलेले असले की हा फरक फोनवर दोन मिनिटांत सापडतो.

दुरुस्ती झाल्याचा मेसेज आला की त्याच पायऱ्यांनी तपासायचं, पण वेळ फक्त ४:५० ची घ्यायची नाही. ५:२९, ५:३१, रात्री १२:०५ आणि रात्री ११:५५ अशा चारही वेळा बघायच्या. घाईत साडेपाच तास दोनदा मिळवले गेले तर पहाटेचं दुखणं संध्याकाळी साडेसहानंतर सुरू होतं, आणि ते फक्त ४:५० ची पट्टी बघणाऱ्याला दिसत नाही.

आणि दुरुस्ती नवीन पट्ट्यांची होते. जुन्या ३१ पट्ट्या चुकीच्या तारखेतच पडून राहतात, कारण त्यांची तारीख आता लिहिली गेलेली आहे. त्यासाठी वेगळा रिपोर्ट टाकायचा, पहिल्यात शेपूट जोडायचं नाही. पहिला रिपोर्ट ‘झालं’ म्हणून बंद होईल आणि शेपूट त्याच्यासोबत जाईल. या दुसऱ्या रिपोर्टमध्ये ३१ पट्ट्यांचे नंबर, प्रत्येकीची जुनी तारीख आणि योग्य तारीख द्यायची, आणि मालकाने ठरवलेलं लिहायचं: ज्यांना कमी गेलं त्यांना फरकाची वेगळी पट्टी करून द्यायची, ज्यांना जास्त गेलं त्यांचं पुढच्या गाडीत वळतं करायचं की सोडून द्यायचं, आणि छापून दिलेल्या जुन्या पट्टीचा नंबर तोच ठेवायचा की नाही. हे डेव्हलपरवर सोडलं तर तो गुपचूप तारखा बदलून मोकळा होईल, आणि शेतकऱ्याच्या खिशातली पट्टी व पेढीच्या कॉम्प्युटरमधली पट्टी कायमची वेगळी राहील.